पोटावरची तीट

पोटुशीचा फोटो काढायचा नाही, हे आमच्या सासूबाईंनी मला सहाव्या महिन्यातच बजावलं होतं. मी विचारलंही नव्हतं. मी फक्त आरशासमोर आडवी उभी राहून पोट किती आलंय ते बघत होते आणि माझ्या हातात मोबाइल होता. तेवढं त्यांना पुरलं.

"ठेव तो फोन खाली गो," त्या दारातून म्हणाल्या. "मागल्या येलेला काय झालं ते इसरलीस?"

मी काही विसरले नव्हते. मागच्या वेळी तिसरा सरता सरता नवऱ्याच्या मामेभावाच्या लग्नात आम्ही सगळ्यांनी मिळून एक फोटो काढला होता. त्यात कुणालाच कळणार नाही इतकंसं माझं पोट होतं, पण आनंदाच्या भरात नवऱ्याने तो स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं की आम्ही दोघांचे तिघे होणार. आठवडाभरात सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी मला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं की अशा वेळी कुणाचीच चूक नसते, बहुतेकदा गर्भातच काही तरी जुळलेलं नसतं. आम्ही दोघांनी ते ऐकलं. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं नाही, आणि घरी आल्यावर त्यांनी निकाल देऊन टाकला की फोटोमुळे दृष्ट लागली. नवऱ्याने तो फोटो फोनमधून काढून टाकला. तेव्हा मीही काही बोलले नाही.

पण मला त्याचं फार वाईट वाटलं. फोटो गेला म्हणजे त्या बाळाचं काहीच उरलं नाही. ना नाव, ना टोपडं. कुणी विचारलं तर दाखवायला बोटभर वस्तू नाही. म्हणून दुसऱ्या वेळी मी मनाशी ठरवलं होतं की पुढे काय व्हायचं ते होवो, या पोटाचा फोटो मला हवाच. चांगला, नीट, कागदावर छापलेला. माझा स्वभाव तसा भांडकुदळ आहे, हे माहेरी पेणला सगळ्या आळीला ठाऊक आहे, पण या बाबतीत मला भांडता येईना. एकाच दुःखाला मी एका टोकाने धरलं होतं आणि सासूबाईंनी दुसऱ्या.

मध्ये पडली माझी नणंद. ती रोह्यात एका फोटो स्टुडिओत कामाला होती, रोज पूल ओलांडून आमच्या अष्टमी गावातून तिकडे जायची. दिवसभर लोकांना "हनुवटी थोडी खाली, कान दिसू द्या" असं सांगून ती घरी यायची, त्यामुळे तिच्या आवाजात एक अधिकार आला होता.

"आई, आमच्या स्टुडिओत पुठ्ठ्याचा चंद्र आहे, त्यावर बसवून काढू वहिनीचा," ती म्हणाली.

"चार लोकांत? कोण कुठल्या नजरंचा येल तिथं!" सासूबाई उसळल्या.

"मग घरी काढू."

हा तिचा डाव होता, हे मला नंतर कळलं. चंद्र तिला मुळात आवडतच नव्हता. तो मधोमध मोडलेला होता आणि त्यावर बसलेल्या बायका पडू नयेत म्हणून तोंड घट्ट मिटून बसायच्या.

दोन दिवस सासूबाईंनी भाकऱ्या तेवढ्या जोरात थापल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी अटी घातल्या. सातवा सरल्यावरच काढायचा. दार लावून काढायचा. बाहेरचा माणूस नको. फोनवर कुणाला पाठवायचा नाही, अगदी माझ्या आईलाही नाही. आणि आधी त्या स्वतः तीट लावणार, ती लावल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही. आम्ही सगळ्याला हो म्हटलं. मी तर त्या वेळी पोटावर नांगर फिरवायलाही हो म्हटलं असतं.

मग नणंदेने घराची पाहणी सुरू केली. सुट्टीच्या दिवशी ती सकाळपासून हातात आरसा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होती. मला खिडकीशी उभं करायची, आरसा दाखवायची, मान हलवायची आणि पुढच्या खोलीत न्यायची. बाहेरच्या खोलीत सकाळी थेट ऊन यायचं, त्यात माझ्या नाकाची सावली ओठांवर पडायची आणि मला मिशी आल्यासारखं दिसायचं. स्वयंपाकघरातला उजेड बरा होता, पण पाठीमागे सिलिंडर. शेवटी ती सासूबाईंच्या खोलीत शिरली आणि तिने खिडकी उघडली. ती खिडकी मी लग्न होऊन आल्यापासून कधी उघडी पाहिली नव्हती. उत्तरेची खिडकी, बाहेर वालाचं शेत आणि वर मोकळं आभाळ. थंडीचे दिवस होते, त्या बाजूला ऊन यायचा प्रश्नच नव्हता. सगळ्या खोलीत मऊ, एकसारखा उजेड पसरला आणि आरशात माझं तोंड मला बऱ्याच महिन्यांनी आवडलं.

"हीच," नणंद म्हणाली.

अडचण एवढीच होती की या खिडकीखाली सासूबाईंचा संसार होता. त्या खाडीकडच्या, मिठागरांच्या गावातल्या. माहेराहून येणारी सुकट, सोडे, सुके बोंबील हे सगळं पत्र्याच्या डब्यांत खिडकीशी रचून ठेवलेलं. नवऱ्याने पहिला डबा उचलला आणि त्याचं झाकण निघालं. पुढचं काही मी सांगत नाही. एरवी मला बोंबील आवडतात. पण आठव्या महिन्यात नाक आपलं राहत नाही. मी मोरीकडे पळाले तेव्हा मागून सासूबाई म्हणत होत्या, "म्हनून ती खिरकी बंद असते!" प्रत्यक्षात ती उघडी असायला हवी होती, पण ते बोलायच्या परिस्थितीत मी नव्हते.

कपड्यांवरून वेगळंच रामायण झालं. फोटो पाठवायचा नव्हता, पण बातमी माझ्या तोंडून पेणला गेलीच. माझ्या आईने लगेच येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पिशवी धाडली. तिच्यात पोह्याचे पापड, हिरवी जरीची साडी, खोट्या फुलांचा मुकुट आणि डोहाळजेवणाचं लाकडी धनुष्य. पिशवी वडखळच्या कोंडीत अडकून संध्याकाळी पोचली, निम्मे पापड मोडले होते, धनुष्य मात्र शाबूत.

"मम्मी, धनुष्य कशाला?" मी फोनवर विचारलं.

"हातात धरायला. हात मोकळे वाईट दिसतात."

नणंदेने ती साडी उजेडात धरली आणि घडी करून परत ठेवली. जर चमकते, काठ मोठे, बघणाऱ्याचं लक्ष साडीवरच जाणार, असं तिचं म्हणणं. तिला हवं होतं एकरंगी, मऊ, अंगावर आपोआप पडणारं. माझ्याकडे त्या दिवसांत अंगात जाईल असे तीन गाऊन होते. एकावर सूर्यफुलं, एकावर त्याहून मोठी सूर्यफुलं, आणि तिसऱ्यावर कसली तरी फळं होती ती अजून कुणाला ओळखता आलेली नाहीत. शेवटी नवऱ्याला एक साधा पांढरा शर्ट आणि मला सासूबाईंची जुनी आमसुली रंगाची सुती साडी, एवढ्यावर ठरलं. साडी इतकी धुतलेली होती की हाताला लोण्यासारखी लागायची.

"पदर जरा बाजूला घेऊ, म्हणजे पोटाचा गोल दिसेल," नणंद म्हणाली.

"पोट उघडं?" सासूबाईंनी गालावर हात ठेवला.

"आई, साडीत पोट उघडंच असतं की," मी म्हटलं. "जन्मभर उघडंच असतं."

त्यांनी स्वतःकडे बघितलं. मग पदर सारखा केला आणि त्या बाहेर निघून गेल्या.

ठरल्या रविवारी नवरा रात्रपाळी करून सकाळी कंपनीतून आला तो नणंदेने त्याला माळ्यावर चढवला. गणपतीच्या मखराचा जुना थर्मोकोलचा तुकडा वर पडला होता, तो हवा होता. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरं काही तरी धरलं की उजेड परतून येतो आणि तोंडाची अंधारातली बाजू काळी पडत नाही, हे तिने त्याला समजावलं. तुकड्याच्या एका बाजूला चमकी आणि अर्धवट निघालेलं 'मोरया' होतं. त्याने आधी तीच बाजू माझ्याकडे केली. माझ्या अर्ध्या तोंडावर ठिपके ठिपके चमकायला लागले. "उलटी बाजू, दादा," नणंद दात आवळून म्हणाली.

मला तिने तासभर आधीच परकराची नाडी सोडून सैल गाऊन घालायला लावला होता. नाडीचे आणि इलॅस्टिकचे वळ अंगावर उठतात ते विरायला वेळ लागतो. नाश्ताही पोटभर करून घेतला होता, कारण उपाशीपोटी मी किती वाईट वागते हे तिला माहीत होतं. मग साडी नेसवली, ती बेंबीच्या खूप खाली आणि सैल. आणि मग सासूबाई काजळाची पितळी डबी घेऊन आल्या.

तीट म्हणजे गालावर किंवा कानामागे एक बारीक ठिपका, असं मला वाटत होतं. सासूबाईंनी कानामागे लावली, तळपायाला लावली, आणि मग माझ्यासमोर वाकून पोटावर, बेंबीच्या जरा वर, अंगठ्याने दाबून एक ठिपका काढला. रुपयाएवढा. एकदा लावून समाधान झालं नाही म्हणून तिथेच पुन्हा दाबला.

"आई! एवढा मोठा?" नणंद ओरडली.

"पोट केवरं हाय ते बग आधी," सासूबाई म्हणाल्या.

कानामागे तीट लागताच नणंदेने कॅमेरा बाहेर काढला होता आणि सासूबाईंचा अंगठा उठता उठता आपसूक तिचं बोट बटणावर दाबलं गेलं होतं. तो पहिला फोटो. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढचा सगळा वेळ धमाल होती. खिडकीशी आडवं उभं राहायचं, मागच्या पायावर भार, पुढचा गुडघा किंचित वाकवलेला, एक हात पोटाखाली आणि एक वर. मागच्या भिंतीला पाठ टेकवायची मुभा होती, त्यामुळे कमरेला बरं वाटायचं. दर थोड्या वेळाने नणंद मला बसवायची, पाणी द्यायची. सगळं छान जमत आलं की सासूबाई येऊन ट्यूबलाइट लावायच्या.

"काळोखात काय दिसतंय तुमाला?"

"आई, बंद कर. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र झाला की तोंडाचा रंग बिघडतो."

त्या बंद करायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा लावायच्या. शेवटी नणंदेने स्टुलावर चढून ट्यूबच काढून ठेवली.

नवऱ्याला माझ्यामागे उभं केलं तर तो आधार कार्डाच्या फोटोसारखा ताठ झाला. हात पोटावर ठेव म्हटलं तर गरम तव्याचा अंदाज घेतल्यासारखे ठेवले. हस म्हटलं तर हसला, पण असा, की वरच्या साहेबाने विनोद सांगितलाय. मग मी चिडले, त्याला चांगलं सुनावलं, आणि सुनावता सुनावता बाळाने आतून एक सणसणीत लाथ मारली, नेमकी त्याच्या तळव्यावर. त्याचं तोंड जे झालं ते आमच्याकडे छापून आहे. माझं तोंड त्यात उघडं आहे, शिवी देताना.

शेवटचे फोटो पलंगावर झोपून होते. डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, पोटाखाली एक घडी केलेली चादर. उताणं झोपवायचं नाही, हे नणंदेला कुणी सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "वहिनी, डोळे मिटा आणि काही करू नका." काही करू नका हे मला त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं. मी लगेच झोपले. नवरा थर्मोकोल धरून भिंतीला टेकला होता, तोही झोपला आणि थर्मोकोल माझ्या डोक्यावर पडला. त्याला वजन काहीच नसतं, पण सासूबाईंनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. दार उघडायचं नाही अशी अट होती. सासूबाईंनीच आतून ओरडून सांगितलं, "काय नाय, काय नाय, उंदीर हाय!" नणंद मला हात धरून कुशीवरून हळूच उठवत होती आणि आम्ही दोघी हसून हसून रडत होतो.

दोन आठवड्यांनी मला पेणला माहेरी जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी नणंद स्टुडिओतून एक फोटो फ्रेम करून घेऊन आली. तिने काही न सांगता तो टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं उभा असेल किंवा झोपलेला असेल. तो पहिला होता. मी खिडकीशी उभी, मान खाली, आणि समोर सासूबाई वाकलेल्या, त्यांचा अंगठा नुकता माझ्या पोटावरून उचललेला. उजेड त्यांच्या पांढऱ्या केसांवर आणि माझ्या पोटाच्या गोलावर. त्यांचं तोंड असं कधी बघितलं नव्हतं मी. रोज समोर असूनही.

मी म्हटलं, "आई, बघा तुम्ही."

सासूबाईंनी चष्मा शोधला, पुसला, लावला. बराच वेळ बघितलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"तीट कुठाय?"

आम्ही सगळे वाकलो. खरंच नव्हती. अंगठा होता, पोट होतं, पोटावरच्या रेषासुद्धा होत्या, कारण त्या राहू दे असं मी सांगितलं होतं. तीट नव्हती. नणंदेने कपाळावर हात मारून घेतला. स्टुडिओत पासपोर्टचे फोटो आले की मुरमं, तीळ, डाग सगळं एका झटक्यात साफ करायची तिची सवय. आमच्या सगळ्या फोटोंवर तिने तेच चालवलं होतं.

"आई, परत आणते ना मी, कॉम्प्युटरवर आहे," ती घाईघाईने म्हणाली. "उद्या दुसरा छापून आणते."

"उद्या ती जानार," सासूबाई म्हणाल्या. "रातभर फोटो तसाच उघडा ऱ्हाईल?"

मला हसू आलं होतं ते मी गिळलं, कारण त्यांनी आपला पदर फोटोवर धरला होता. नवरा म्हणाला, "आई, फोटोच तर आहे." त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. आत गेल्या, पितळी डबी घेऊन आल्या, फ्रेम मांडीवर घेतली आणि काचेवर, बरोब्बर माझ्या पोटावर, अंगठा दाबला. काळा, गोल ठिपका उठला. मग त्यांनी अंगठा पुन्हा डबीत बुडवला आणि त्याच्या शेजारी, जरासा लहान, दुसरा लावला.

"दोन कशाला?" मी विचारलं.

त्यांनी डबीचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना.

"ही त्याची," त्या म्हणाल्या. "पयल्याची. त्या लगनाच्या गर्दीत मी त्याला लावाया इसरले गो."

एवढी दोन वर्षं त्यांनी फोटोवर, स्टेटसवर, लोकांच्या नजरेवर आग पाखडली होती, आणि मी मनातल्या मनात त्यांच्यावर. मी त्यांच्या शेजारी बसले, म्हणजे हात टेकत टेकत एकदाची बसले, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना पहिल्यांदा सांगितलं. कुणाची चूक नसते, फोटोची नाही, विसरण्याची नाही. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही कोण जाणे.

दुसरा ठिपका घाईत पुसट उमटला होता. मी डबी त्यांच्या हातातून घेतली, अंगठा आत बुडवला, आणि त्याच्यावर पुन्हा एकदा, चांगला दाबून, लावला.